कॅनडातून आलेल्या कॉम्प्रेसरचे तीन फोटो: तारीख, डॉलर आणि गॅलन मराठीत कसे उतरवायचे

प्रश्न: भोसरीतल्या एका वर्कशॉपने कॅनडातून वापरलेला एअर कॉम्प्रेसर आणलाय. नेमप्लेट, सर्व्हिस कार्ड आणि जुन्या मालकाचं दुरुस्तीचं बिल अशा तीन फोटोंचं मराठी करून द्यायचंय. फोटो सोबत जोडलेत. गॅलन, पीएसआय, डॉलर बदलून लिहायचे की तसेच ठेवायचे? आणि बिलावर व कार्डावर दोन्हीकडे 03/04 आहे, ती ३ एप्रिल धरू की ४ मार्च?

उत्तर:

बिलावरची ४ मार्च आहे आणि कार्डावरची ३ एप्रिल. मशीन एक, वर्ष एक, आकडेही तेच, तरी दिवस वेगळे. कॅनडाच्या कागदांत हे नवलाचं नाही. तिथे अमेरिकेसारखी महिना आधी लिहिण्याची सवय आहे, ब्रिटिश वळणाची दिवस आधी लिहिण्याचीही आहे, आणि सरकारी शिफारस तिसऱ्याच पद्धतीची, म्हणजे वर्ष-महिना-दिवस अशी आहे. म्हणून ‘कागद कॅनडाचा, म्हणजे तारीख अशी’ हा नियम इथे लावता येत नाही. प्रत्येक कागद, आणि एका कागदावर दोन हातांचं लिखाण असेल तर प्रत्येक हात, वेगळा तपासावा लागतो.

कामाचा क्रम तारीख, मग चलन, मग एककं असा ठेवा. रुपयातली रक्कम कुठल्या दिवसाच्या दराने काढायची ते तारखेवर ठरतं, त्यामुळे तारीख चुकली की दरही चुकतो. एककं मात्र कशावरच अवलंबून नाहीत, ती शेवटी केली तरी चालतात.

त्याआधी फोटोतला मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या. आकडे इंग्रजीतच ठेवा, तिरप्या रेघा, टिंबं, स्वल्पविराम जिथे आहेत तिथेच ठेवा आणि वाचता वाचता काहीही बदलू नका. फोटोवरून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर चार जागा फोटो मोठा करून डोळ्यांनी पाहा. अंशाचं छोटं वर्तुळ शून्य म्हणून वाचलं जातं, मग `18°F` चं `180F` होतं. `5 LB` चं `51B` होतं. हातानं लिहिलेला 1 वर शेंडी असेल तर 7 दिसतो. आणि दशांशचिन्ह तर सर्रास गळतं. तुमच्या नेमप्लेटच्या पहिल्या उताऱ्यात ‘75 HP’ आलंय, पण ८० गॅलनच्या टाकीवर ७५ हॉर्सपॉवरची मोटर सहसा बसवलेली नसते. फोटोत ७ आणि ५ च्या मधे ठिपका आहे, खरा आकडा `7.5 HP`. असे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले तर बहुतेक चुका रूपांतराच्या आधीच सापडतात.

आता बिल. कामाचा भाग एवढाच आहे:

```
INVOICE DATE  03/04/2023
HRS           4350
TERMS NET 30  DUE 04/03/2023
SUBTOTAL      $1,850.00
HST 13%       $240.50
TOTAL         $2,090.50
WARRANTY      90 DAYS
```

`NET 30` म्हणजे बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पैसे भरायचे. दोन्ही तारखा दिवस आधी धरून वाचल्या तर बिल ३ एप्रिलचं आणि पैसे भरायची मुदत ४ मार्चची, म्हणजे बिल निघायच्या आधीच मुदत संपलेली. हे शक्य नाही. महिना आधी धरला तर बिल ४ मार्चचं आणि मुदत ३ एप्रिलची. मार्चला ३१ दिवस असल्यामुळे या दोहोंत बरोबर ३० दिवसांचं अंतर पडतं. प्रश्न मिटला. ही तारीख ‘बहुधा’ नाही, निश्चित आहे, कारण दुसरं वाचन कागदच खोडून काढतो.

इथे वाराच्या पुराव्याबद्दल एक सांगायला हवं, कारण बरेच जण पहिल्यांदा तिकडेच वळतात. ४ मार्च २०२३ ला शनिवार होता आणि ३ एप्रिल २०२३ ला सोमवार. ‘दुरुस्तीचं बिल कामाच्या दिवशी निघणार, म्हणजे सोमवार’ असा तर्क केला असता तर नेमकं चुकीचं उत्तर आलं असतं. वार हा दुय्यम पुरावा आहे. कागदावरच वाराचं नाव छापलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तो पक्का. नुसत्या ‘सुट्टी असेल, नसेल’ या अंदाजावर फार तर ‘बहुधा’ म्हणा.

सर्व्हिस कार्ड हातानं लिहिलेलं आहे. डावीकडे तारीख, उजवीकडे तास मोजणाऱ्या मीटरचा आकडा:

```
11/02/23   4310
03/04/23   4402
12/05/23   4478
08/06/23   4561
```

चारही ओळींत दोन्ही आकडे १२ च्या आत आहेत, म्हणून एकटी कुठलीही ओळ उलगडत नाही. पण मीटर मागे जात नाही. दिवस आधी धरून वाचा: ११ फेब्रुवारी, ३ एप्रिल, १२ मे, ८ जून. तारखा पुढे सरकतात, तासही वाढत जातात. महिना आधी धरला तर २ नोव्हेंबर, ४ मार्च, ५ डिसेंबर, ६ ऑगस्ट, आणि ते चारही २०२३ मधले. तसं असेल तर मार्चमधला मीटर त्यानंतरच्या नोव्हेंबरपेक्षा ९२ तासांनी जास्त ठरतो. असं होऊच शकत नाही. म्हणजे कार्ड लिहिणारा माणूस दिवस आधी लिहितो.

दोन्ही निष्कर्ष एकमेकांशी जुळतात का, तेही तपासता येतं, आणि ते तपासाच. बिलावर मीटर ४३५० आहे. कार्डाप्रमाणे ११ फेब्रुवारीला ४३१० आणि ३ एप्रिलला ४४०२, म्हणजे ५१ दिवसांत ९२ तास. ११ फेब्रुवारीपासून ४ मार्चपर्यंत २१ दिवस होतात. त्याच वेगाने मशीन चाललं असेल तर सुमारे ३८ तास वाढून मीटर ४३४८ च्या आसपास असायला हवा. बिल ४३५० म्हणतं. बिल ३ एप्रिलचं असतं तर त्याच दिवशी कार्डावर ४४०२ आणि बिलावर ४३५० असे दोन आकडे पडले असते. त्यामुळे 03/04 चे दोन अर्थ आता दोन वेगळ्या पुराव्यांवर उभे आहेत.

मशीनचे कागद, लॅबचे रिपोर्ट, लॉगबुक, कशाचंही भाषांतर असो, तारखेच्या शेजारी सतत वाढणारी किंवा नियमाने बांधलेली दुसरी संख्या शोधायची. मीटर, पावती क्रमांक, देय तारीख, वॉरंटी संपल्याची तारीख, वय. एकाच हाताच्या लिखाणात कुठेतरी १३ किंवा त्यापुढचा दिवस सापडला तर त्या हाताची पद्धत लगेच कळते. मात्र तो पुरावा दुसऱ्या हाताला लावू नका. बिल संगणकावरचं, कार्ड मेकॅनिकचं. बिलावरून कार्ड वाचलं असतं तर चारही सर्व्हिसच्या तारखा चुकल्या असत्या.

संदिग्धता किती वेळा येते याचा हिशोब सोपा आहे. दोन्ही आकडे १२ किंवा त्याहून कमी अशा तारखा वर्षात १४४. त्यातल्या ०१/०१, ०२/०२ अशा १२ तारखा कशाही वाचल्या तरी त्याच. उरतात १३२. म्हणजे वर्षातल्या एक तृतीयांशाहून जास्त दिवसांची तारीख नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. ‘क्वचित होणारी भानगड’ म्हणून सोडून देण्याइतका हा आकडा लहान नाही.

लिहिताना महिना अक्षरात लिहा आणि वर्ष चार आकडी ठेवा. `03/04/2023` चं ‘०३/०४/२०२३’ करणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे. इंग्रजी आकड्यांत ती तारीख परकी दिसत होती, वाचणारा निदान थबकला असता. देवनागरी आकडे आले की पुण्यातला माणूस ती डोळे झाकून ३ एप्रिल वाचणार. आकडे मराठी केल्याने आपण न ठरवताच अर्थ ठरवून टाकतो. तुमच्या कागदांसाठी मी असं लिहीन:

बिल: ‘४ मार्च २०२३ (मूळ `03/04/2023`, महिना आधी, देय तारखेवरून निश्चित)’.

कार्ड: ‘३ एप्रिल २०२३ (मूळ `03/04/23`, दिवस आधी, मीटरच्या क्रमावरून निश्चित)’.

कार्डावर चार तारखा असल्यामुळे कंसातला खुलासा पहिल्या ओळीला एकदाच दिला तरी पुरे. पण मूळ आकडे प्रत्येक ओळीत ठेवा. चित्रावरच मराठी मजकूर बसवायचा असेल आणि जागा नसेल, तर चित्रात फक्त ‘३ एप्रिल २०२३*’ लिहा आणि खुलासा चित्राच्या लगेच खाली घ्या. तो शेवटच्या पानावर ढकलला की फोटो वेगळा कापून व्हॉट्सॲपवर फिरतो आणि खुलासा मागे राहतो.

वॉरंटीचंही बघा. ‘९० दिवस’ एवढंच भाषांतर करा, संपल्याची तारीख स्वतःहून घालू नका. ग्राहकाने मागितलीच तर ४ मार्चपासून ९० दिवस २ जूनला भरतात. चुकून ३ एप्रिल धरली असती तर २ जुलै आली असती.

या तारखा एक्सेलमध्ये भरून देणार असाल तर तिथे वेगळाच सापळा आहे. संगणकाची प्रादेशिक मांडणी भारताची असेल तर `03/04/2023` टाइप करताच एक्सेल ते न विचारता ३ एप्रिल करून टाकतं. `09/23/2023` ला मात्र तारीख म्हणून वाचता येत नाही, म्हणून ते मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहतं. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की समजायचं: डावीकडच्या शाबूत आहेत, उजवीकडच्या बहुधा उलट्या झाल्यात. म्हणून मूळ तारखेचा रकाना आधी Text करून घ्या आणि मगच भरा. ठरवलेली तारीख शेजारच्या रकान्यात `2023-03-04` अशी वर्ष-महिना-दिवस पद्धतीने लिहा.

फोटो शेकड्यांनी असतील तर एवढीशी तपासणी पुरते:

```python
from datetime import datetime

def readings(s):
    out = set()
    for f in ("%d/%m/%Y", "%m/%d/%Y", "%d/%m/%y", "%m/%d/%y"):
        try:
            out.add(datetime.strptime(s, f).date())
        except ValueError:
            pass
    return out
```

उत्तरात दोन तारखा आल्या तर ती ओळ माणसाकडे जाते, एक आली तर पुढे सरकते, एकही आली नाही तर उतरवतानाच चूक झाली आहे. `dateutil` या पायथन लायब्ररीच्या `parse` वर या कामात विसंबू नका. ते काही सांगितलं नाही तर महिना आधी धरतं, आणि पहिला आकडा १२ च्या पुढे गेला की गुपचूप दिवस आधी धरतं. त्यामुळे एकाच कार्डातल्या दोन ओळी दोन पद्धतींनी वाचल्या जातात आणि कुठे तक्रारही येत नाही.

आता डॉलर. बिलावर नुसतं `$` आहे, चलनाचं नाव नाही. उत्तर खालच्याच ओळीत सापडतं: `HST 13%`. हा कॅनडातल्या काही प्रांतांचा एकत्रित विक्रीकर आहे आणि १३ टक्के हा ऑन्टारिओचा दर. अमेरिकेत हा कर नाही. तेव्हा हे कॅनडियन डॉलर. आणखी खात्री हवी असेल तर विक्रेत्याचा करनोंदणी क्रमांक पाहा, कॅनडात तो नऊ आकडे आणि पुढे `RT0001` अशा वळणाचा असतो. बेरीजही करून घ्या: १,८५० चे १३ टक्के २४०.५०, एकूण २,०९०.५०. फोटोतला एखादा आकडा चुकीचा वाचला असता तर ती इथे जुळली नसती. `HST` चं ‘जीएसटी’ करू नका, आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा आहे. ‘एचएसटी (कॅनडातला विक्रीकर)’ असं लिहा.

कॅनडातलाच पण क्युबेकचा फ्रेंच कागद आला तर हीच रक्कम `2 090,50 $` अशी दिसेल. तिथे हजाराला मोकळी जागा, दशांशाला स्वल्पविराम आणि डॉलरची खूण शेवटी असते. स्वल्पविरामाला आपण हजाराची खूण समजलो तर २,०९० चे दोन लाखांवर जातात.

मूळ रक्कम नेहमी ठेवायची. रुपये हे फक्त मदतीसाठी आणि ‘सुमारे’ लावूनच. त्यासोबत तीन गोष्टी लिहाव्या लागतात: दर किती, कुठल्या दिवसाचा, कुणाचा. वर्तमानपत्रात येणारे भारतीय संदर्भ दर अमेरिकन डॉलर, युरो, पौंड, येन अशा मोजक्या चलनांचे असतात. कॅनडियन डॉलरसाठी बँक ऑफ कॅनडाचा रोजचा दर सोयीचा आहे, त्यात भारतीय रुपयाही असतो. पण तो उलट्या बाजूने दिलेला असतो, एका रुपयाला किती डॉलर असा. समजा आकडा ०.०१६६ आहे. १ ला त्याने भागलं की एका डॉलरला सुमारे ६०.२४ रुपये येतात. ४ मार्चला शनिवार असल्यामुळे त्या दिवशीचा दर मिळणार नाही. आदल्या कामाच्या दिवसाचा, शुक्रवार ३ मार्चचा घ्या आणि तसं लिहा.

२,०९०.५० गुणिले ६०.२४ केल्यावर कॅल्क्युलेटर १,२५,९३१.७२ दाखवतो. तो आकडा तसाच छापू नका. ०.०१६६ मध्ये खात्रीचे आकडे तीनच आहेत, त्यातून पैशापर्यंतचं उत्तर निघत नाही. ‘सुमारे १ लाख २६ हजार रुपये’ एवढंच खरं आहे. `$` ला अमेरिकन समजून ८२ रुपयांनी गुणलं असतं तर सुमारे १ लाख ७१ हजार आले असते. वर्कशॉपचे मालक याच आकड्यावरून मशीनवर आधी किती खर्च झालाय ते जोखणार आहेत, आणि चूक ४५ हजारांची झाली असती.

मराठीत ती ओळ अशी होईल: ‘एकूण २,०९०.५० कॅनडियन डॉलर (सुमारे १ लाख २६ हजार रुपये, ३ मार्च २०२३ चा दर ६०.२४, बँक ऑफ कॅनडा)’. दर मी उदाहरणासाठी धरलाय, तुम्ही प्रत्यक्ष पाहून घाला. हेच भाषांतर कस्टम्ससाठी जाणार असेल तर रुपये अजिबात लिहू नका. तिथे सरकारने जाहीर केलेला विनिमय दर लागतो, तोही बिल ऑफ एंट्री दाखल होण्याच्या तारखेचा. आपला आकडा त्याच्या शेजारी बसला तर नुसता गोंधळ वाढतो.

नेमप्लेटवर एककं आहेत आणि इथे प्रत्येक आकड्याला एकच वागणूक देता येत नाही:

```
80 GAL    MAX 175 PSIG
7.5 HP    575 V  60 HZ  3 PH
OUTLET    3/4 NPT
AFTERCOOLER OUTLET 18°F ABOVE AMBIENT
MFG       05/08
```

सगळ्यांत महत्त्वाचा आकडा कमाल दाबाचा. १७५ पीएसआय म्हणजे १२.०७ बार. सवयीने आपण १२.१ लिहून मोकळे होतो, पण ही सुरक्षेची मर्यादा आहे आणि मर्यादा वर सरकवायची नसते. कमाल मर्यादा नेहमी खालच्या बाजूला पूर्णांकित करा: १२.० बार. किमान मर्यादा असती, म्हणजे ‘एवढ्या दाबाखाली चालवू नये’, तर वरच्या बाजूला केली असती. शिवाय आपल्याकडच्या मिस्त्रींच्या बोलण्यात दाब ‘किलो’मध्ये असतो, आणि गेजवरही बऱ्याचदा किलो प्रति चौरस सेंटिमीटरच असतं. त्यात १७५ पीएसआयचे १२.३ होतात. बार आणि किलो यांत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक आहे, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. त्यामुळे नुसतं ‘१२.३’ कधी लिहू नका. ‘कमाल दाब १७५ पीएसआय (गेजवरचा), म्हणजे १२.० बार किंवा १२.३ किलो/चौ.सेंमी’ असं पूर्ण लिहा. `PSIG` मधला शेवटचा जी म्हणजे गेजवर दिसणारा दाब, वातावरणाचा दाब वगळून. तो भाषांतरात गळू द्यायचा नाही.

अठरा अंशांची ओळ ही फसवी जागा. ‘कूलरमधून बाहेर पडणारी हवा भोवतालच्या तापमानापेक्षा १८ अंश फॅरनहाइटने जास्त’ असा अर्थ आहे. हे तापमान नाही, दोन तापमानांतला फरक आहे. फरकासाठी फक्त पाच नवमांशाने गुणायचं, ३२ वजा करायचे नाहीत. उत्तर १० अंश सेल्सिअस. नेहमीचं सूत्र लावलं तर उणे ७.८ येतं, आणि ‘भोवतालपेक्षा उणे ७.८ अंशांनी जास्त’ असं वाक्य तयार होतं. उणे आलं म्हणून इथे चूक निदान दिसते. फरक ९० अंशांचा असता तर ५० ऐवजी ३२.२ आलं असतं आणि कुणाला शंकाही आली नसती. म्हणून `ABOVE`, `RISE`, `DIFFERENCE` असे शब्द शेजारी दिसले की आधी थांबा.

गॅलन दोन आहेत. अमेरिकन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. ८० गॅलनची टाकी पहिल्याने ३०३ लिटर, दुसऱ्याने ३६४. कॅनडात जुन्या वापरात ब्रिटिश गॅलनही होता, म्हणून गृहीत धरायला नको. कॉम्प्रेसरच्या टाक्यांत ६०, ८०, १२० ही अमेरिकन गॅलनची नेहमीची मापं आहेत, त्यामुळे ‘बहुधा अमेरिकन’ म्हणता येतं. पण टाकी भोसरीतच उभी आहे, तर टेप लावायला सांगा. व्यास ६१ सेंटिमीटर असेल तर दर मीटर लांबीला सुमारे २९२ लिटर बसतात. दोन्ही टोकांचे फुगीर भाग धरून सरासरी लांबी १०४ सेंटिमीटरच्या आसपास निघाली तर ३०३ लिटर, सव्वा मीटर निघाली तर ३६४. फरक मोठा आहे, ओबडधोबड मापानेही उत्तर मिळतं. लिहिताना ‘८० गॅलन (सुमारे ३०० लिटर)’. ३०२.८३ लिहिलं तर मोजून भरल्यासारखं वाटतं, आणि ८० हा आकडा तर विक्रीच्या मापाचा आहे.

आउटलेटचं `3/4 NPT` हे अमेरिकन पद्धतीच्या पाइप-आट्यांचं माप बदलायचंच नाही. त्याचं १९ मिलिमीटर करणं चुकीचं आहे. त्याचा बाहेरचा व्यास २६.७ मिलिमीटर असतो. ‘पाऊण इंच’ हे नाव आहे, मोजमाप नाही. त्याहून घातक म्हणजे एनपीटी गाळून नुसतं ‘पाऊण इंची’ लिहिणं. आपल्याकडे दुकानात पाऊण इंची फिटिंग मागितलं की बहुधा ब्रिटिश पद्धतीच्या बीएसपी आट्यांचं मिळतं. या मापात दोन्हीकडे इंचाला १४ आटे असतात, पण एनपीटीचा आट्यांचा कोन ६० अंशांचा आणि बीएसपीचा ५५ अंशांचा. त्यामुळे फिटिंग काही आटे छान फिरतं, बसल्यासारखं वाटतं आणि दाब चढल्यावर गळतं. ‘आउटलेट: 3/4 NPT आटे (बीएसपी नव्हे)’ असं लिहा. ‘बीएसपी नव्हे’ हे मूळ प्लेटवर नाही, म्हणून त्याला भाषांतरकाराची टीप असं नाव द्या.

हॉर्सपॉवर तशीच ठेवा, इथे मोटर त्याच भाषेत विकली जाते. फार तर कंसात ५.६ किलोवॉट. ५७५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ यांना हात लावायचा नाही. ते मशीनचे गुणधर्म आहेत, आपल्या पुरवठ्याच्या हिशोबाने बदलायचे आकडे नाहीत. आपला तीन फेजचा पुरवठा ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो, त्यामुळे ग्राहकाला फोनवर एक वाक्य जरूर सांगा, पण भाषांतरात ते मिसळू नका.

राहिलं `MFG 05/08`. मे २००८ असू शकतं, ऑगस्ट २००५ असू शकतं, आणि वर्ष न लिहिलेली ५ ऑगस्ट किंवा ८ मे हेही अगदीच अशक्य नाही. नेमप्लेटवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष देण्याची रीत पाहता पहिली दोन वाचनंच खरी शर्यतीत आहेत, पण त्यांतलं एक निवडायला फोटोत काहीही आधार नाही. कार्ड २०२३ चं आहे, ते दोन्हींशी सारखंच जुळतं. इथे ‘बहुधा मे २००८’ असंही लिहू नका. ‘बहुधा’ वाचून लोक २००८ लक्षात ठेवतात, आणि टाकी तपासणाऱ्या माणसाला वय जवळजवळ तीन वर्षांनी कमी सांगितलं जाऊ शकतं. मराठीत ओळ अशी असावी: ‘उत्पादन: `05/08` (मे २००८ किंवा ऑगस्ट २००५; चित्रावरून ठरत नाही, उत्पादकाकडून खात्री करावी)’.

खात्रीसाठी वर्कशॉपकडून प्लेटचा दुसरा फोटो मागवा. तुमच्या फोटोत उजवा खालचा कोपरा चमकल्यामुळे अनुक्रमांक दिसत नाही. फ्लॅश बंद करून, बाजूने तिरका प्रकाश पाडून काढला तर ठोकलेले आकडे उठून दिसतात. टाकीवर वेगळी प्लेट असते, तिचाही घ्या. टाकी आणि मोटर वेगवेगळ्या वर्षीच्या असू शकतात, आणि टाकीच्या प्लेटवर बऱ्याचदा वर्ष चार आकडी ठोकलेलं सापडतं.